फळ्यावर कर्ता नसतो

सोमवार, ९ जून, संध्याकाळचे साडेपाच. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यातली बैठक नुकतीच संपली होती. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट तिथे बनतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तीन लॉट गंजले म्हणून परत आले होते. पाऊण तास सात माणसं बोलली, पांढऱ्या बोर्डावर निळ्या-लाल मार्करने बरंच काही लिहिलं गेलं. उठता उठता एकाने मोबाइल काढून फोटो घेतला. दोन मिनिटांत तो ग्रुपवर आला, त्याखाली चार अंगठे आले, आणि सगळ्यांना वाटलं की झालं.

अशा बैठकांची टिपणं लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं, म्हणून अनुभवाने सांगतो: ग्रुपवर टाकलेला बोर्डाचा फोटो पुन्हा कुणी उघडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर सुप्रभाताचे आणि वाढदिवसाचे संदेश चढतात. शिवाय त्या दिवशीच्या फोटोत बोर्डाच्या मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटला होता आणि त्याखालच्या दोन ओळी गायब होत्या.

बोर्ड अजून पुसला नव्हता हे नशीब. मी खाली कोपऱ्यात ‘पुसू नका’ लिहिलं आणि फोटो पुन्हा काढले. फ्लॅश बंद केला, बोर्डासमोरची ट्यूब घालवली आणि नाकासमोर उभं न राहता जरा बाजूला सरकलो. बोर्ड आरशासारखा वागतो, त्यामुळे बाजूला झालं की दिव्याची तिरीप कॅमेऱ्यात शिरत नाही. फोटो थोडा तिरका येतो, पण स्कॅन करणारं कुठलंही ॲप तो सरळ करतं. आधी एक फोटो पूर्ण बोर्डाचा घेतला, मग जवळून डाव्या आणि उजव्या अर्ध्याचा, मधला थोडा भाग दोन्हींत येईल असा. पूर्ण फोटोत कुठला बाण कुठे जातो ते दिसतं, जवळच्या फोटोत अक्षर लागतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात, म्हणून हे तिन्ही मी डॉक्युमेंट म्हणून स्वतःलाच पाठवले.

फोनकडून अक्षरं वाचून घ्यायचा मोह होतो. छापील मजकुरावर ते छान चालतं. पण घाईत लिहिलेलं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, वर बाण आणि गोल, हे त्याला झेपत नाही. सात ओळी तर आहेत, हाताने टाइप कराव्यात.

तर बोर्डावर होतं ते असं. डावीकडे वर ‘रस्ट – ३ लॉट’. त्याखाली ‘व्हीसीआय पिशवी’, पुढे बाण आणि ‘एस. के.’. शेजारी गोलात ‘नमुना’. मग ‘४०० बॉक्स – शुक्र.’. त्याखाली ‘मशीन ४ ऑइल’, त्यावर आडवी रेघ मारलेली. उजवीकडे ‘कस्टमर – १२ ता.’. आणि तळाशी नुसतं ‘गाडी ?’.

आता हे वाचून कामाचं एक तरी वाक्य होतं का बघा. नामं आहेत, आकडे आहेत, क्रियापद एकही नाही आणि कर्ता जवळजवळ नाहीच. त्यात आपल्या ऑफिसच्या मराठीला कर्ता लपवायची जुनी खोड आहे. ‘पाठपुरावा करण्यात यावा’, ‘नमुने मागवण्यात यावेत’, ‘असे ठरले’. व्याकरणात एकही चूक नाही, पण मागवायचे कुणी हे शेवटपर्यंत कळत नाही. टिपण लिहिताना माझा नियम एवढाच की कामाची ओळ माणसाने सुरू व्हावी, क्रियापदाने संपावी आणि मध्ये तारीख असावी. तशी ओळ होत नसेल तर ते काम नव्हे. ती एक तर माहिती असते, नाही तर निर्णय किंवा लटकलेला प्रश्न. ‘रस्ट – ३ लॉट’ ही माहिती आहे. ‘गाडी ?’ हा प्रश्न आहे. त्यांना बळेच कामांच्या यादीत कोंबलं की यादी लांब दिसते आणि पुढच्या सोमवारी निम्म्या ओळींवर कुणीच बोलत नाही.

एस. के. पासून सुरुवात केली. व्हीसीआय म्हणजे आतून बाष्प सोडणारी पिशवी. ते बाष्प लोखंडावर बसतं आणि गंज अडवतं. पिशवी आणायची म्हणजे खरेदी, आणि खरेदीत एक एस. के. आहेत. माझ्या हाताने त्यांचं नाव जवळजवळ टाइप केलंच होतं. पण क्वालिटीतही एक एस. के. आहेत. दोघांना फोन केला. खरेदीवाले म्हणाले, “मला पुरवठादाराकडून नमुना आणायला सांगितलंय, बोर्डावरचं नाव माझं नाही.” क्वालिटीवाल्या म्हणाल्या, “तो बाण माझाच आहे. पिशवीत ब्रॅकेट घालून पाच दिवस दमट पेटीत ठेवून बघायचे आहेत.” म्हणजे एका बाणात दोन कामं दडली होती, आणि दुसरं पहिल्यावर अवलंबून होतं. अंदाजाने लिहिलं असतं तर नमुना आला असता आणि टेबलावर पडून राहिला असता.

मग आकडा. माझ्या कच्च्या खर्ड्यात मी आठशे बॉक्स लिहिले होते. देवनागरी चारची वरची टोकं घाईत जुळली की तो थेट इंग्रजी आठसारखा दिसतो. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांचीही अशीच गफलत होते. आपल्या कारखान्यांत एकाच बोर्डावर दोन्ही लिप्यांचे आकडे नांदतात, त्यामुळे डोळे ताणून उपयोग नसतो, आकडा दुसरीकडे पडताळावा लागतो. स्टोअरच्या रजिस्टरात त्या ब्रॅकेटचे चारशे बाराच बॉक्स शिल्लक होते. आठशे उघडून तपासायला ते आणायचे कुठून?

ते तपासायचे कुणी, हाही प्रश्न होताच. बैठकीत ‘स्टोअर बघेल’ असं म्हटलं गेलं होतं. स्टोअर म्हणजे एक खोली. ती काही बघत नाही. बघायचं होतं दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरनी, आणि ते बैठकीला नव्हतेच. गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकून त्याला मेलमधून कळवणं हा मी या धंद्यातला सर्वांत वाईट प्रकार मानतो. फोन केला तर ते म्हणाले, “माझ्याकडे दोनच हेल्पर आहेत. बॉक्स उघडायचा, माल पुसून बघायचा, परत टेप मारायची. शुक्रवारपर्यंत दोनशे होतील, उरलेले शनिवारी.” तारीख बदलली, पण ती आता करणाऱ्याच्या तोंडची होती.

तारखांवर आणखी एक गंमत झाली. मी प्रत्येक तारखेपुढे वार लिहितो. ‘१२ ता.’ पुढे लिहायला गेलो तर गुरुवार निघाला, आणि आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ग्राहकाला उत्तर पाठवायचा दिवस भर बैठकीत सात जणांनी सुट्टीचा ठरवला होता! प्लांट मॅनेजरना विचारलं तेव्हा त्यांनी तो बुधवारवर आणला.

राहिली ऑइलवरची रेघ. खोडलेलं म्हणजे झालेलं की रद्द केलेलं, हे फोटो कधीच सांगत नाही. दोघांना विचारलं तर दोन उत्तरं आली. एकाच्या मते ऑइल बदलून झालं होतं. प्रेस शॉपच्या इन्चार्जनी खुलासा केला की परत आलेले तीन लॉट वेगवेगळ्या मशीनवरचे आहेत, म्हणून चार नंबरच्या ऑइलचा संशय सोडून दिला. हा निर्णय आहे आणि तो कारणासकट लिहिला पाहिजे, नाही तर महिन्याभराने तोच संशय नव्याने बोर्डावर येतो.

या सगळ्या फोनाफोनीला पस्तीस मिनिटं लागली, आणि ती त्याच संध्याकाळी लागली म्हणून पुरली. बुधवारी विचारलं असतं तर रेघेचं कारण कुणालाच आठवलं नसतं. मग मेल लिहिला:

विषय: गंज तक्रार बैठक, ९ जून – ४ कामं, १ निर्णय, १ प्रश्न

निर्णय: मशीन ४ चं ऑइल बदलायचं नाही. गंजलेले तीन लॉट वेगवेगळ्या मशीनवरचे आहेत.

कामं:
खरेदीचे एस. के. – मंगळवार, १० जूनपर्यंत व्हीसीआय पिशवीचे नमुने आणून क्वालिटीला देतील.
क्वालिटीच्या एस. के. – बुधवार, ११ जूनला चाचणी लावतील, सोमवार, १६ जूनला निकाल सांगतील.
स्टोअर, दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर – शिल्लक ४०० बॉक्स उघडून गंज तपासतील. शुक्रवार, १३ जूनपर्यंत २००, उरलेले शनिवार, १४ जूनपर्यंत.
प्लांट मॅनेजर – बुधवार, ११ जूनला ग्राहकाला उत्तर पाठवतील.

प्रश्न: माल ताडपत्रीच्या गाडीतून पाठवायचा की बंद गाडीतून? डिस्पॅचचे इन्चार्ज दोन्हींचे दर घेऊन सोमवार, १६ जूनच्या बैठकीत मांडतील.

काही चुकलं असल्यास उद्या दुपारी १२ पर्यंत कळवावं.

प्रत्यक्ष मेलमध्ये हुद्द्यांच्या जागी नावं होती. ज्यांच्या नावावर काम आहे ते ‘टू’मध्ये, ज्यांना फक्त माहिती हवी ते ‘सीसी’मध्ये. सगळ्यांनाच ‘टू’मध्ये घातलं की प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्यासाठी आहे. सोबत फोटो जोडला, पण उजव्या कडेला कुणीतरी पिशवीचा दर खरडला होता तेवढा भाग कापून. मेल पुढे कुणाकडे जाईल यावर आपला ताबा नसतो.

हे कामाचं टिपण आहे, कायद्याचं इतिवृत्त नव्हे, हेही सांगायला हवं. कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीसाठी २०१३ च्या कंपनी कायद्यातलं ११८ वं कलम आहे. तिथे तीस दिवसांच्या आत क्रमांक घातलेल्या पानांच्या वहीत नोंद लागते. आमच्यासारख्या बैठकीच्या मेलला तीस दिवस थांबता येत नाही, तोवर आणखी तीन लॉट परत येतील.

मंगळवारी सकाळी पावणेदहाला स्टोअरमधून उत्तर आलं: “परत आलेल्या तीन लॉटचे बॉक्स या ४०० मध्ये धरलेत का? ते वेगळे ठेवलेत.” धरले नव्हते, पण माझ्या ओळीतून ते कळत नव्हतं. मी ‘परत आलेला माल सोडून’ एवढे शब्द घातले, विषयात ‘दुरुस्त’ लिहिलं, काय बदललं ते पहिल्याच ओळीत सांगितलं आणि मेल पुन्हा पाठवला. दुपारी त्याच खोलीत दुसरी बैठक होती. तिच्यासाठी कुणीतरी बोर्ड लख्ख पुसला, फक्त खालच्या कोपऱ्यातलं ‘पुसू नका’ तेवढं तसंच ठेवलं.