कपाळावरची चमक आणि गालावरची गांध

मुलाखतीचं शूटिंग सुरू होण्याआधी साउंड रेकॉर्डिस्ट पहिलं काम करतो ते पंखा बंद करण्याचं. माइकमध्ये घरघर यायला नको म्हणून खिडक्याही लावून घेतल्या जातात. एप्रिल-मेच्या दिवसांत अशा बंद खोलीत, समोर एलईडी पॅनेल घेऊन बसलेल्या माणसाचं कपाळ थोड्याच वेळात चमकायला लागतं. माणूस मनापासून बोलत असतो, पण पाहणाऱ्याची नजर त्या पांढऱ्या डागावर जात राहते.

एक उदाहरण घेऊ. सत्तरीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. वर्ण सावळा, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात चमकी, डोळ्यांना चष्मा. आदल्या रात्री डास चावल्यामुळे डाव्या गालावर उठलेली लाल गांध. एडिट झालेली फिल्म सहा मिनिटांची आहे. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एकूण ९,००० चित्रं. एका फोटोतली गांध हाताने पुसता येते, ९,००० फोटोंतली नाही. म्हणून इथे ट्रॅकिंग लागतं. चेहऱ्याच्या हव्या त्या भागावर एक आकार आखायचा, त्याला विंडो म्हणतात. आतल्या बारीकसारीक खुणा ओळखून सॉफ्टवेअर ती विंडो फ्रेममागून फ्रेम चेहऱ्याबरोबर सरकवत नेतं. मग त्या विंडोपुरताच रंग-उजेड बदलायचा. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही हे सगळं करता येतं.

मात्र चमक आणि गांध या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि पुढचं सगळं काम या फरकावर उभं आहे. गांध त्वचेवर आहे. मान वळली की ती गालाबरोबर वळते. चमक त्वचेची नाहीच. ते घामाच्या आणि तेलाच्या पातळ थरावरून परतलेलं दिव्याचं प्रतिबिंब आहे. तळ्यावर पडलेलं ऊन आपण काठाने चालू लागलो की आपल्याबरोबर सरकतं, तशी बाईंनी मान हलवली की चमक कपाळावरून घरंगळत जाते. गांधीसारखी घट्ट विंडो चमकेवर लावली, तर पुढच्याच वाक्याला चमक विंडोबाहेर पडते आणि विंडोखालचं चांगलं कपाळ काळवंडतं.

म्हणून चमकेसाठी विंडो मोठी आखायची, भुवयांपासून केसांच्या रेषेच्या थोडं खालपर्यंत. कडा चांगल्या मऊ ठेवायच्या. कपाळ सपाट असल्यामुळे ट्रॅकरला तिथे धरायला काही सापडत नाही, पण भुवया आणि कुंकू विंडोत आले की ट्रॅक पक्का बसतो. त्या विंडोच्या आत क्वालिफायर लावायचा. त्यातले रंगाचे निकष बंद करून फक्त उजेडाचा चालू ठेवायचा आणि खालची मर्यादा चमकेचा भाग तेवढा उरेपर्यंत वर न्यायची. आता प्रत्येक फ्रेममध्ये जे उजळ आहे तेवढंच निवडलं जातं. चमक सरकली की निवडही सरकते. बाईंनी मध्येच पदराने कपाळ टिपलं आणि चमक कमी झाली, तर निवडही आपोआप आक्रसते. कुंकू गडद असल्यामुळे सुटतं. कपाळावरचे पांढरे केस मात्र उजळ असतात, ते निवडीत शिरतात. विंडो केसांच्या खाली थांबवायची ती त्यासाठी. Shift+H दाबलं की नेमकं काय निवडलं गेलंय ते दिसतं, बाकी सगळं राखाडी होतं. हे न पाहता पुढे जाऊ नये.

आता उजेड खाली आणायचा. इथे नवखा माणूस हमखास अडतो, कारण चमक कमी करताच तिथे राखेसारखा डाग उमटतो. प्रतिबिंबाला दिव्याचा रंग असतो, त्वचेचा नसतो. पांढरं काळसर केलं की राखाडीच होणार. म्हणून उजेड उतरवताना शेजारच्या त्वचेचा ऊबदार रंग तिथे भरावा लागतो. वेक्टरस्कोपवर लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी एक तिरकी रेषा असते. माणूस गोरा असो की काळासावळा, त्वचेचा रंग जवळपास याच रेषेवर पडतो. फरक पडतो तो गडदपणात. चमकेचे ठिपके त्या रेषेकडे ओढले की राखाडी जाते. सावळ्या चेहऱ्यावर हे जास्त जपून करावं लागतं. परतलेला उजेड सगळ्यांच्या कपाळावर साधारण सारखाच असतो, पण भोवतीची त्वचा गडद असल्यामुळे चमक उठून दिसते आणि चुकीची दुरुस्तीही.

चमक पूर्ण घालवायची नसते. कपाळाची गोलाई तिच्यामुळेच कळते. ती नाहीशी केली की कपाळ पुठ्ठ्यासारखं दिसतं. मी दुरुस्ती आधी पूर्ण करतो आणि मग तिचा जोर, म्हणजे Key Output मधला Gain, १ वरून ०.६ च्या आसपास आणतो.

गांधीचं काम उलट आहे. विंडो लहान, गांधीपेक्षा किंचित मोठी. गांध खुपते ती फुगवट्यामुळे कमी आणि भोवतीच्या गालापेक्षा लाल आणि गडद असल्यामुळे जास्त. ती पुसून वर दुसरी त्वचा चिकटवण्यापेक्षा लाली थोडी उतरवली आणि मधला उजेड जरा चढवला की ती नजरेतून जाते. छिद्रं, लव, सुरकुती जागच्या जागी राहतात. ट्रॅक करताना गांध सर्वांत स्पष्ट दिसते त्या फ्रेमपासून आधी पुढे आणि मग मागे जायचं. एवढ्या लहान विंडोत खुणा थोड्या असतात, म्हणून Perspective 3D बंद ठेवावं. नाहीतर विंडो वेडीवाकडी पिळते. बाईंनी चष्मा सावरायला हात वर नेला की ट्रॅकर हाताला चिकटून निघून जातो. तिथला ट्रॅक पुसून हाताच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन तुकडे जोडावे लागतात आणि हात आड असेपर्यंत दुरुस्ती शून्यावर न्यावी लागते.

तपासणी थांबलेल्या चित्रावर होत नाही. पूर्ण वेगाने चालवून पाहावं. ट्रॅक घसरला असेल तर गालावर एक फिकट ठिपका पोहताना दिसतो, आणि तो गांधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

रिझॉल्व्हच्या पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत Face Refinement आहे. ते चेहरा स्वतः शोधतं आणि चमक, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, त्वचेचा पोत सगळं एका जागी हाताळतं. वेळ वाचतो हे खरं. पण पोत मऊ करायची पट्टी सत्तरीच्या चेहऱ्यावर पुढे ढकलली की सुरकुत्या वितळतात आणि बाई स्वतःच्याच नातेवाइकांना अनोळखी वाटतील अशा दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: आठवड्याभरात आपोआप जाणारं असेल ते काढावं, तीळ, व्रण, सुरकुत्या आणि कोड यांना त्या माणसाने सांगितल्याशिवाय हात लावू नये.

एका ठिकाणी मात्र यातलं काहीच चालत नाही. कपाळाचा भाग कॅमेऱ्यातच जळाला असेल, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही शिगेला पोचले असतील, तर वेव्हफॉर्मच्या वरच्या कडेला सपाट रेघ दिसते. तिथे त्वचेची माहिती नोंदलेलीच नसते. तो भाग रंगवता येतो, परत आणता येत नाही. म्हणून शूटिंग करणाऱ्यांना विनंती: कॅमेऱ्याचा झेब्रा चालू ठेवा, कपाळावर पट्टे दिसले तर एक्सपोजर उतरवा, आणि दोन प्रश्नांच्या मध्ये पंखा लावून टिश्यूने कपाळ टिपून घ्या. टिपा, घासू नका. घासल्याने त्वचा लाल होते.