रीडचा नंबर म्हणजे इयत्ता नव्हे

मुलाला किंवा मुलीला क्लॅरिनेट शिकवायचं ठरलं, की पालक वाद्य निवडताना दहा ठिकाणी चौकशी करतात. मग दुकानदार विचारतो, "रीड कितीची देऊ?" आणि सगळे एकमेकांकडे बघतात. डब्यांवर १, १.५, २, २.५ असे पाचापर्यंत आकडे असतात. कुणी मधला बरा म्हणून ३ उचलतो, तर कुणी दुकानात शिल्लक असेल तो डबा घेऊन घरी येतो. नवशिक्याला पहिल्या वर्षात होणारा बराचसा त्रास या एका खरेदीतून सुरू होतो.

रीड म्हणजे वेताची एक पातळ पट्टी. पेटीतली रीड पितळी असते, तिचा इथे संबंध नाही. क्लॅरिनेटच्या रीडसाठी अरुंडो डोनॅक्स नावाची, बांबूसारखी दिसणारी आणि आतून पोकळ अशी गवताची जात वापरतात. तिची नावाजलेली लागवड दक्षिण फ्रान्सच्या वार भागात होते. वाळलेल्या काडीची पट्टी काढून ती टोकाकडे तासत नेतात. बुडाशी जवळजवळ तीन मिलिमीटर जाड असलेली ही पट्टी टोकाला साधारण एक दशांश मिलिमीटर उरते. माउथपीसवर ती लिगेचरने, म्हणजे स्क्रूच्या पट्ट्याने आवळतात. फुंकर घातली की तिचं टोक थरथरतं आणि त्यातून स्वर निघतो.

आता त्या आकड्याकडे येऊ. ३ नंबरची रीड २ नंबरपेक्षा जाड असते असा सर्रास समज आहे, आणि तो चुकीचा आहे. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारात सगळ्या रीड एकाच मापाने तासलेल्या असतात. काडी मात्र सारखी नसते. कुठली घट्ट धाग्याची निघते, कुठली सैल. तासून झाल्यावर यंत्र प्रत्येक रीड टोकाजवळ दाबून बघतं आणि ती किती जोर लावल्यावर वाकते त्यावरून तिला नंबर मिळतो. म्हणजे आकडा ताठपणाचा आहे, आणि तोही एका पट्ट्यातला. त्यामुळे २ च्या डब्यातली सर्वात ताठ रीड आणि २.५ च्या डब्यातली सर्वात मऊ रीड यांत फारसा फरक वाटत नाही. एकच रीड वाजवून "मला हा नंबर जमत नाही" असं ठरवण्यात म्हणूनच अर्थ नसतो. त्याच डब्यातल्या निदान तीन-चार तरी वाजवून बघाव्यात.

कंपनी बदलली की आकड्याचा अर्थही बदलतो. रिकोची साधी, केशरी डब्यातली २.५ ही ढोबळमानाने व्हँडोरेनच्या निळ्या डब्यातल्या २ च्या आसपास बसते. मित्र ३ वर वाजवतो म्हणून आपणही ३ घ्यायची, तर आधी त्याच्या डब्यावरचं नाव वाचायला हवं. त्याचा माउथपीसही बघायला हवा. माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांच्यात एक फट असते. शिकाऊ वाद्याबरोबर येणाऱ्या माउथपीसमध्ये ती सुमारे एक मिलिमीटर असते, तर व्हँडोरेनच्या बी ४५ सारख्या प्रसिद्ध माउथपीसमध्ये सुमारे १.२ मिलिमीटर. फट मोठी असेल तर रीडला जास्त वाकावं लागतं, म्हणून तिथे मऊ रीड लागते. एकाच ओठांना एका माउथपीसवर २.५ सोपी वाटते आणि दुसऱ्यावर जड जाते.

शिकाऊ माउथपीसवर सुरुवात करणाऱ्याने व्हँडोरेनची २ किंवा रिकोची २.५ घ्यावी असं माझं मत आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना त्याहून अर्ध्याने कमी. हे काही अंतिम नाही. खरा निर्णय वाजवल्यावरच होतो.

माझ्याकडे येणाऱ्या, सहावीतल्या एका मुलीचं उदाहरण देतो. शिकायला लागून तीन महिने झाले होते आणि व्हँडोरेनची २.५ चालू होती. खालचे स्वर निघत, पण स्वरापेक्षा हवेचा फुसफुसाट जास्त. डाव्या अंगठ्याची रजिस्टर की दाबली की वरचे स्वर उशिरा येत, कधी येतच नसत. दहा मिनिटांत ओठांच्या कडेने हवा गळायला लागे, आणि खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला दातांचे वळ उमटलेले. ताठ रीड वाकवायला नुसती फुंकर पुरत नाही, तेव्हा मूल नकळत जबड्याने चावतं. हे वळ त्याचेच होते.

तरी लगेच रीडवर खापर फोडलं नाही. फुसफुसाट वाद्याचं पॅड गळत असेल तरीही होतो. मी माझा माउथपीस आणि माझी रीड तिच्या वाद्याला लावून सगळ्यात खालचा ई हळू वाजवला. तो स्वच्छ निघाला, म्हणजे वाद्य ठीक होतं. मग तिने रीड कशी बसवली आहे ते पाहिलं. रीडचं टोक माउथपीसच्या टोकापेक्षा किंचित वर आलेलं होतं. रीड वर सरकवली की ती जास्त ताठ लागते, खाली सरकवली की मऊ. समोरून पाहिल्यावर रीडच्या वर माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसावी, इतकी ती खाली घेतली. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

त्यानंतर त्याच कंपनीची २ लावली आणि तिला दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, खालचा एक लांब स्वर शक्य तितका हळू सुरू करायचा. तो हवेचा आवाज न होता सुरू झाला. दुसरी, सगळी भोकं उघडी ठेवून निघणारा जी जोरात वाजवायचा. रीड फार मऊ असेल तर अशा वेळी ती माउथपीसला चिकटते आणि आवाज एकदम बंद पडतो, किंवा स्वर बसका होऊन फाटतो. तसं काही झालं नाही. हळू वाजवताना लगेच बोलते आणि जोरात वाजवताना बंद पडत नाही, ती आपली रीड. त्याच तासात तिचे वरचे स्वरही यायला लागले.

पुढे सात-आठ महिन्यांनी उलटी तक्रार आली. वरच्या सप्तकातले स्वर उतरतात, आवाज पातळ येतो, आता २.५ घेऊ का, असं तिच्या वडिलांनी विचारलं. इथे घाई नडते. वापरून थकलेली रीडही अगदी याच खुणा दाखवते, कारण सतत वाकून आणि भिजून तिचा ताठपणा गेलेला असतो. आधी त्याच नंबरची कोरी रीड लावून बघावी. दोष गेला तर रीड जुनी झाली होती, नंबर बरोबर होता. तिच्या बाबतीत तसंच निघालं. नंतर जेव्हा कोऱ्या २ नंबरच्या रीडही जोरात वाजवताना बसायला लागल्या, तेव्हा तिने २.५ घेतली. वरचा नंबर म्हणजे वरची इयत्ता असं मानून मुलांना पुढे ढकलणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांची मुलं चावत वाजवतात, आणि ती सवय मोडायला पुढे फार वेळ जातो.

हे सगळं ठरवल्यावर रीड टिकवायचा प्रश्न येतो. एकच रीड ती मरेपर्यंत रोज वाजवायची ही नवशिक्यांची नेहमीची पद्धत. चार रीड एकदम काढाव्यात, बुडाशी पेन्सिलने १ ते ४ आकडे घालावेत आणि रोज पाळीपाळीने वापराव्यात. दोन वापरांच्या मध्ये रीडला पूर्ण वाळायला वेळ मिळतो. शिवाय चारही एकदम मरत नाहीत. एक टाकली की डब्यातली नवी पाळीत घ्यायची. कोरी रीड पहिल्या दिवशी पाचेक मिनिटंच वाजवावी, दुसऱ्या दिवशी दहा, आणि तीही मधल्या सप्तकात, फार जोर न लावता. पहिल्याच दिवशी तासभर पिळून काढलेली रीड पाणी पिऊन लवकर मऊ पडते.

वाजवण्याआधी रीड तोंडात किंवा स्वच्छ पाण्यात मिनिटभर भिजवावी. कोरडं टोक नीट थरथरत नाही आणि सहज चिरतं. बसवताना आधी लिगेचर माउथपीसवर सैल चढवावं आणि मग रीड वरून आत सरकवावी. आधी रीड ठेवून तिच्यावरून लिगेचर ओढलं, तर धातूची कड टोकाला लागते. माझ्या पाहण्यात सर्वात जास्त रीड अशाच मेल्या आहेत. त्या खालोखाल स्वेटर आणि शर्टाच्या बाह्यांनी मेल्या, म्हणून हातातलं वाद्य खाली ठेवलं की माउथपीसवर टोपण घालावं. वाजवण्याआधी गोड खाल्लं असेल तर चूळ भरावी. साखर रीडमध्ये मुरते आणि बुरशीला खाद्य मिळतं.

वाजवून झाल्यावर रीड माउथपीसवर तशीच ठेवून पेटी बंद करू नये. रीडचं टोक काही मिनिटांत वाळतं, पण तीन मिलिमीटरचं बूड तासन्‌तास ओलं राहतं. या असमान वाळण्यामुळे टोकाला लाटा पडतात आणि ते माउथपीसवर सपाट बसत नाही. दुसऱ्या दिवशी वाद्य किंचाळतं ते यामुळे. रीड काढून मऊ कापडाने बुडाकडून टोकाकडे हलकेच पुसावी, कधीही आडवी नाही. मग सपाट बाजू खाली करून काचेच्या तुकड्यावर किंवा खाचा असलेल्या रीडच्या डबीत ठेवावी. लाटा पडल्याच, तर रीड दोन मिनिटं भिजवून टोक काचेवर अंगठ्याने हलकेच दाबून धरलं की बहुधा सपाट होतं.

मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात एक वेगळी काळजी लागते. ओली रीड प्लास्टिकच्या घट्ट डबीत बंद केली की काही दिवसांत तिच्यावर काळे-करडे ठिपके येतात. ती बुरशी. अशी रीड पुसून पुन्हा तोंडात घालू नये. या दिवसांत पुसलेली रीड अर्धा तास काचेवर उघडी ठेवावी आणि मगच डबीत घालावी. उलट विदर्भातल्या मे महिन्यात रीड इतकी सुकते की बूडही वाकडं होतं. तिथे डबी बंद ठेवावी, शक्य असल्यास आत आर्द्रता राखणारी तयार पुडी टाकावी, आणि वाजवण्याआधी भिजवायला मिनिटाऐवजी दोन-तीन मिनिटं द्यावीत.

कृत्रिम रीडही मिळतात. कॅनडाच्या लेजेअर कंपनीच्या अशा रीड बऱ्याच वादकांनी स्वीकारल्या आहेत. त्या भिजवाव्या लागत नाहीत आणि हवामानाने फारशा बिघडत नाहीत. पण एकीच्या किमतीत वेताच्या कितीतरी येतात, आणि टोक दाताला लागलं की तीही खराब होते. बसवण्याची सवय हाताला लागेपर्यंत वेताचीच बरी.

रोज अर्धा-पाऊण तास वाजवणाऱ्याच्या पाळीतली रीड साधारण महिना-दोन महिने चांगली चालते. आवाज मंद झाला, टोक पिवळ्याचं करडं पडलं, भिजवूनही स्वर बसतोच आहे, म्हणजे तिचे दिवस भरले. टोकाला चीर किंवा कपचा गेला असेल तर तेवढीही वाट बघू नका. ती दुरुस्त होत नाही. त्याच दिवशी टाकून द्या.