गर्दीत कुणाचा श्वास कोंडला तर...

धनत्रयोदशीची संध्याकाळ. जबलपूरच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नाही. समजा, अशा वेळी एका दुकानाच्या पायरीशी तिशीतली एक बाई अचानक थबकते. हात छातीवर, चेहरा पांढराफटक, अंगाला कापरं. 'आई गं, मी मरतेय,' एवढंच तिच्या तोंडून निघतं. लगेच कोंडाळं जमतं. कुणी तोंडावर पाणी मारतो, कुणी ओरडतो, 'जोरजोरात श्वास घ्या!'

नेमका हाच सल्ला चुकीचा! भीतीच्या अशा झटक्यात, म्हणजे 'पॅनिक अ‍ॅटॅक'मध्ये, माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्याने भीती वाढते आणि श्वास आणखी पळू लागतो. कमी पडतं ते श्वास सावकाश सोडणं.

म्हणून मदत करणाऱ्याने आधी गर्दी हटवावी. बाईंना पायरीवर टेकू द्यावं, आपणही त्यांच्या उंचीला बसावं. हात धरण्यापूर्वी विचारावं. 'ताई, मी इथेच आहे. असं पूर्वी कधी झालं होतं का? छातीत दुखतंय का?' हे प्रश्न महत्त्वाचे, कारण रस्त्यावर उभं राहून हा झटका आणि हृदयविकार यांत खात्रीने फरक करता येत नाही. असं पहिल्यांदाच होत असेल, छातीत दाब असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, शुद्ध हरपत असेल, तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह आहे का, तेही विचारावं. साखर उतरली तरी असाच घाम आणि थरथर सुटते.

ताई म्हणाल्या, 'हो, पूर्वी झालंय, डॉक्टरांनी भीतीचाच झटका म्हणून सांगितलं होतं,' तर पुढचं काम सोपं. 'माझ्याबरोबर करा,' असं म्हणून नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा, ओठ किंचित मिटून सहा अंकांपर्यंत सोडावा. ताल चुकला तर टोकू नये, आपण मोजत राहावं. मोजणं जमेना, तर 'समोर काय काय दिसतंय, सांगा,' म्हणावं. दिव्याची माळ, तराजू, लाल पिशवी... मन हळूहळू बाहेर येतं. 'घाबरू नका, काही झालेलं नाही,' हे मात्र टाळावं. तिला होणारा त्रास खराच असतो. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपायही नको. दम्याच्या किंवा हृदयाच्या रोग्याला तो घातक ठरू शकतो.

झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. अर्ध्या तासानेही उतार नसेल, तर दवाखाना गाठावा. ओसरल्यावर ताई गळून जातात, ओशाळतातही. 'इतक्या लोकांत शोभा झाली,' म्हणून लगेच स्कूटर काढायला उठतात. त्यांना आणखी थोडा वेळ बसवावं, घोटभर पाणी द्यावं आणि घरच्या माणसाला फोन लावून तो येईपर्यंत थांबावं.