दोष नसताना दिसणारा दोष

30 जुलै 2012 च्या पहाटे बिना-ग्वाल्हेर ही 400 केव्हीची वाहिनी दोष नसतानाच, अतिभारामुळे ट्रिप झाली. मग पॉवर स्विंगमध्ये इतर वाहिन्याही गेल्या आणि उत्तर भारत अंधारात बुडाला.

डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटने भागून इम्पिडन्स काढतो. दोन टोकांची जनित्रं एकमेकांच्या पुढेमागे झुलू लागली, की व्होल्टेज घटतं, करंट वाढतो आणि भागाकार दोषाइतका लहान येतो.

फरक वेगाचा. दोषात इम्पिडन्स उडी मारतो, स्विंगमध्ये सरकत येतो.

म्हणून झोनबाहेर, पण कमाल भाराच्या आत, दोन सीमा आखतात. त्या दोन टोकांमधल्या 90 आणि 120 अंशांच्या कोनांवर असतील आणि स्विंग सेकंदाला 540 अंशांचा असेल, तर मधलं अंतर कापायला सुमारे 55 मिलिसेकंद लागतात. टायमर 40 ला लावला, तर हा स्विंग ओळखून ट्रिपिंग रोखलं जातं. रोख असतानाच एका फेजचा दोष आला, तर निगेटिव्ह सिक्वेन्स करंट दिसताच ती उठवावीच लागते.