माल कुणाच्या हाती?

नाशिकच्या द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघाला, की जहाज कंपनी निर्यातदाराला बिल ऑफ लेडिंग देते. माल मिळाल्याची पावती आणि वाहतूक कराराचा पुरावा तर ते असतंच; शिवाय मालावरचा हक्कही त्यातच असतो. सहसा तीन मूळ प्रती निघतात. त्या बँकेमार्फत जातात. खरेदीदाराने पैसे भरले की त्याच्या हाती पडतात. त्यातली एक दाखवल्याशिवाय माल सुटत नाही.

अडचण एकच: जहाज पोहोचलं आणि कागद वाटेतच राहिले, तर नाशवंत माल बंदरात अडकतो.

सी वेबिलमध्ये ही अडचण नाही. नाव लिहिलेल्या माणसाने ओळख पटवली की माल त्याचा. पण हा कागद दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. नव्या गिऱ्हाइकाकडून पैसे यायचे असतील, तर वेबिल घेऊ नका.