पावणेअठराला एक सूत जास्त

अमेरिकन खरेदीदाराची शर्टांची ऑर्डर आली की तिच्यासोबत मापांचा तक्ता येतो, आणि तो जवळजवळ नेहमी इंचांत असतो. डावीकडे चेस्ट, शोल्डर, बाही, कफ अशी नावं, वर साइज, आणि चौकटीत १७ १/२, १७ ७/८, १८ १/४ असे आकडे. हा तक्ता मूळ फाइल म्हणून आला तर ठीक. पण बऱ्याचदा कुणीतरी छापील कागदाचा मोबाइलवर फोटो काढतो, तो व्हॉट्सॲपवरून कटिंग मास्टरकडे जातो आणि मास्टरच्या शेजारी बसलेल्या मुलाला ते आकडे संगणकात दशांशात भरायचे असतात. पॅटर्न काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तेच सोयीचं पडतं.

गणित चौथी-पाचवीतलं आहे. वरच्या आकड्याला खालच्याने भागायचं आणि पूर्णांकात मिळवायचं. आपल्याकडच्या मास्टरला तर भागायचीही गरज पडत नाही, कारण त्याचं सगळं काम सुतावर चालतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दशांशात ०.१२५. पाव म्हणजे ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५. एवढं पाठ असलं की ५/८ म्हणजे अर्ध्यावर एक सूत, ०.६२५. ७/८ म्हणजे पाऊणवर एक सूत, ०.८७५. सोळावा भाग आला तर तो अर्धं सूत, ०.०६२५, म्हणजे ११/१६ हे ०.६२५ अधिक ०.०६२५, बरोबर ०.६८७५.

या अपूर्णांकांचा एक गुण फार उपयोगी आहे. इंचाची पट्टी दर वेळी अर्धं करत करत विभागलेली असते, त्यामुळे खालचा आकडा २, ४, ८, १६ किंवा ३२ असतो आणि असा अपूर्णांक दशांशात कुठेतरी संपतोच. शिवाय तो किती घरांनंतर संपेल हेही ठरलेलं असतं: अर्ध्याला एक घर, चौथ्या भागाला दोन, आठव्याला तीन, सोळाव्याला चार. शेवटचा अंक न चुकता ५. म्हणून तक्त्यात कुठे १७.८८ किंवा १७.९ दिसलं की जाणकाराच्या लगेच लक्षात येतं की हा आकडा कागदावरचा नाही, मधे कुणीतरी तो जवळच्या आकड्यावर ढकलला आहे.

अशा ढकलण्याने किती बिघडतं? एका मापात जवळजवळ काहीच नाही. १७.८७५ ऐवजी १७.८८ धरलं तर फरक इंचाच्या पाच हजारांशाचा, मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. कापडाला तो कळतही नाही. खरा घोळ ग्रेडिंगमध्ये होतो, म्हणजे एका साइजवरून पुढचे साइज काढताना.

समजा शोल्डरची ओळ अशी आहे: एक्सएस १६ ३/४, एस १७ १/८, एम १७ १/२, एल १७ ७/८, एक्सएल १८ १/४, डबल एक्सएल १८ ५/८. प्रत्येक साइजला ३/८ इंच, म्हणजे तीन सूत वाढतात. आता कुणी ३/८ ला ‘साधारण ०.४’ म्हटलं आणि सर्वांत लहान साइजपासून तेवढं तेवढं मिळवत गेला, तर पाच उड्यांत दोन इंच वाढतील आणि डबल एक्सएलचं शोल्डर १८.७५ होईल. खरं माप १८.६२५. दर उडीला ०.०२५ जास्त, पाच उड्यांत ०.१२५, म्हणजे नेमकं एक सूत. या मापाला तक्त्याने पाव इंचाची सूट दिली असेल, तर मशीनवर सुई टेकायच्या आधीच त्यातली निम्मी संपली. ३/८ ला ०.३८ धरलं तर तीच चूक ०.०२५ इंचावर थांबते आणि खपूनही जाते, पण ०.३७५ लिहायला एकच अंक जास्त लागतो, तो वाचवण्यात काय मिळवायचं आहे?

भागाकारात मात्र फारसं कुणी चुकत नाही. चुका होतात त्या फोटो वाचताना. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, आणि अपूर्णांकातले अंक मुळातच बारीक असतात. मग 3 आणि 5 सारखे दिसू लागतात, 1 आणि 7 मधला फरक पुसला जातो. फोटो तिरका असेल तर नजर एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरते आणि शोल्डरऐवजी आर्महोलचं माप लिहिलं जातं. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं तर निदान दाबून लहान होत नाही. तिरकेपणावर उपाय जुनाच: मोठा करून बघायचा आणि ओळीखाली कागदाची कड धरायची.

फोटोतला मजकूर फोनकडूनच उचलून घेतला तर वेगळाच सापळा पुढे येतो. संगणकात ½, ¼, ⅜, ⅝ अशी काही अपूर्णांकांची एकसंध चिन्हं आहेत, पण सोळाव्या भागांची नाहीत. त्यामुळे एकाच तक्त्यात ⅜ लहानशा चिन्हात असतो आणि 5/16 लांब लिहिलेला. मजकूर उचलताना किंवा एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना ते चिन्ह फुटतं आणि पूर्णांकाला चिकटतं. `15⅜` चं `153/8` होतं. आता हे भागलं तर १९.१२५ येतं. पंधरा इंचांवर तीन सुतांच्या जागी एकोणीस इंचांवर एक सूत! कॉलरचं माप म्हणून एकोणीस इंच अगदीच अशक्य नसल्याने आकडा नुसता पाहून शंका येईलच असं नाही. पण ज्या अपूर्णांकात वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा आहे, तो टेपच्या तक्त्यात असूच शकत नाही. तिथे थांबून फोटो पुन्हा उघडायचा. ३/६ किंवा १/६ दिसलं तरी तसंच. टेपवर सहावा भाग नसतो; तो ८ तरी असणार किंवा १६ तरी.

एक्सेलची स्वतःची खोड निराळी. चौकटीत नुसतं `5/8` टाइप केलं की ते त्याला तारीख समजतं आणि ५ ऑगस्ट किंवा ८ मे करून ठेवतं. `0 5/8` असं आधी शून्य आणि जागा सोडून लिहिलं की ते अपूर्णांक मानतं. `18 5/8` मधली जागा सोडली तर तेही बरोबर १८.६२५ म्हणून साठवलं जातं. इथे दाखवलेला आणि साठवलेला आकडा वेगळा असू शकतो, हे ध्यानात ठेवायला हवं. दोन दशांश घरं दाखवायला सांगितली की पडद्यावर १८.६३ दिसतं, आत १८.६२५ शाबूत असतं. पण तीच शीट सीएसव्ही म्हणून जतन केली की जे दिसतं तेच फाइलमध्ये जातं, आणि तिसरं घर कायमचं गळतं. उलट दिशेनेही तसंच: अपूर्णांक एकअंकी दाखवायची सोय निवडली असेल, तर १५ ५/१६ पडद्यावर १५ १/३ म्हणून दिसतो. टेपवर तिसरा भाग कुठून आणायचा?

सोळाव्या भागापर्यंतचा तक्ता असेल तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र टाकून ठेवावं:

```
=MOD(B2*16,1)
```

माप सोळाव्या भागात नेमकं बसत असेल तर उत्तर शून्य येतं. १८.६२५ ला शून्य, १८.६३ ला ०.०८. जिथे शून्य नाही तिथे कुणीतरी आकडा ढकलला आहे किंवा चुकीचा वाचला आहे.

पण हे सूत्र ३/८ आणि ५/८ मधली गफलत पकडत नाही, कारण दोन्ही निर्दोष अपूर्णांक आहेत. त्यासाठी लागोपाठच्या साइजमधला फरक काढावा लागतो. वरच्या शोल्डरच्या ओळीत तो सगळीकडे ०.३७५ आहे. समजा एलचं १७ ७/८ फोटोत १७ १/८ असं वाचलं गेलं. मग एम ते एल फरक येतो उणे ०.३७५, आणि एल ते एक्सएल १.१२५. एक फरक फार लहान, लगेच पुढचा फार मोठा, आणि दोहोंची बेरीज मात्र बरोबर ०.७५. ही खूण दिसली की चूक मधल्याच चौकटीत आहे हे नक्की. टोकाच्या साइजला ही सोय नाही. डबल एक्सएलचं १८ ५/८ जर १८ ३/८ वाचलं, तर फक्त शेवटचा फरक ०.१२५ होतो, आणि मोठ्या साइजला वाढ मुद्दाम कमी ठेवली असेल असं कुणालाही वाटू शकतं; काही खरेदीदार तशी ठेवतातही. म्हणून पहिला आणि शेवटचा रकाना डोळ्यांनी पुन्हा ताडून पाहावा.

इथेच पूर्ण दशांशाचं महत्त्व कळतं. हीच ओळ एका घरापर्यंत ढकलली तर १६.८, १७.१, १७.५, १७.९, १८.३, १८.६ होते आणि फरक ०.३, ०.४, ०.४, ०.४, ०.३ असे येतात. मूळ तक्त्यातली शिस्त मोडली. आता खरी चूक कुठली आणि ढकलल्यामुळे आलेला फरक कुठला हे ओळखायला काही साधन उरत नाही.

शेवटी सेंटिमीटर. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. त्यामुळे १८.६२५ इंच म्हणजे ४७३.०७५ मिलिमीटर, त्यात कुठलाच अंदाज नाही. तोंडी हिशेबात मात्र ‘इंचाला अडीच सेंटिमीटर’ सर्रास चालतं, आणि त्याने हेच शोल्डर ४६५.६ मिलिमीटर येतं. साडेसात मिलिमीटरांची तूट, म्हणजे दोन सुतांहून जास्त. शिलाईला ४७३ मिलिमीटर पुरतात, आणि तेवढ्यावर आणायला हरकतही नाही. तीन घरं लिहिली म्हणून मूळ माप हजारांशापर्यंत अचूक होतं असं कुणी समजू नये. ते घेतलं होतं टेपने, आठव्या भागापर्यंतच. फक्त हे ढकलणं सगळा हिशेब झाल्यावर, एकदाच करावं.

तक्ता भरताना दशांशाच्या शेजारी मूळ अपूर्णांकाचा रकाना तसाच राहू द्यावा आणि माल रवाना होईपर्यंत फोटोही पुसू नये. आणि खरेदीदाराकडे मूळ एक्सेल फाइल आधीच मागावी. बहुतेक वेळा ती त्याच्याकडे असते.