तेल वधारलं, फंड मागे राहिला

2009 साली अमेरिकी कच्चं तेल पिंपामागे सुमारे 45 डॉलरवरून 79 वर गेलं, म्हणजे पाऊणपटीहून अधिक वाढलं. त्याच तेलाच्या वायद्यांत पैसा गुंतवणारा ‘युनायटेड स्टेट्स ऑइल फंड’ मात्र जेमतेम 19 टक्के वाढला.

मधला पैसा खाल्ला कॉन्टँगोने. मंदीत कुशिंगच्या टाक्या तेलाने भरत आल्या, साठवण महागली आणि पुढच्या महिन्याचा वायदा चालू महिन्यापेक्षा चढा राहिला. फंडाला तेल घरी न्यायचं नसतं. म्हणून तो मुदत संपण्याआधी जुना करार विकून पुढचा घेतो. समजा, जुना 40 ला विकला आणि नवा 44 ला घेतला. त्या क्षणी तोटा होत नाही, फक्त पिंपं कमी येतात. पण बाजारभाव 40 वरच थांबला, तर मुदत जवळ येताना 44 चा करार घसरत 40 वर येतो. हे चार डॉलर म्हणजे उणे रोल यील्ड.

टंचाईत चित्र उलटतं. बॅकवर्डेशनमध्ये पुढचा करार स्वस्त मिळतो आणि बाजारभावाकडे चढत जातो. 2022 मध्ये तेल वर्षअखेर सुमारे 7 टक्केच वर होतं; हाच फंड मात्र सुमारे 29 टक्के वाढला. तेव्हा अशा फंडात शिरण्यापूर्वी तेलाच्या भावाइतकंच लगतच्या दोन महिन्यांच्या वायद्यांतलं अंतरही पाहावं.